एका अंदाजात दडलेले 28 कोटी

समजा, उड्डाणपूल बांधणाऱ्या एका सूचीबद्ध कंपनीला 500 कोटींचे कंत्राट मिळाले आहे. एकूण खर्च 400 कोटी होईल असा तिचा अंदाज आहे आणि वर्षाअखेर 200 कोटी खर्च झालेत. म्हणजे काम निम्मे झाले. हिशेबात उत्पन्न 250 कोटी आणि नफा 50 कोटी दिसतो. आता फक्त खर्चाचा अंदाज 400 ऐवजी 450 कोटी धरा. काम 44 टक्क्यांवर येते आणि नफा 22 कोटींवर. साइटवर एक वीटही हललेली नाही, पण 28 कोटी गेले.

ऑडिटरचा बराच वेळ अशाच ठिकाणी जातो. भारतात 1 एप्रिल 2018पासून सुरू झालेल्या वर्षांच्या ऑडिटला एसए 701 हे मानक लागू आहे. त्यानुसार सूचीबद्ध कंपनीच्या अहवालात अशा बाबी ‘की ऑडिट मॅटर्स’ या शीर्षकाखाली सांगाव्या लागतात.

निवड चाळत चाळत होते. वर्षभरात ऑडिट कमिटीपुढे मांडलेल्या बाबींतून आधी विशेष लक्ष द्यावे लागलेल्या काढायच्या: चुकीचा धोका जास्त असलेल्या, व्यवस्थापनाच्या अंदाजावर विसंबलेल्या, किंवा वर्षातल्या एखाद्या मोठ्या व्यवहारामुळे उद्भवलेल्या. त्यांतूनही यंदाच्या ऑडिटमध्ये सर्वांत महत्त्वाच्या ठरलेल्या तेवढ्याच अहवालात जातात. नुसती रक्कम मोठी असणे पुरेसे नाही. बँकेतली शिल्लक प्रचंड असली तरी बँकेच्या पत्राने ती सहसा सहज पडताळता येते. पुलाच्या उरलेल्या खर्चाचे तसे नाही.

खरी परीक्षा शब्दांची आहे. ‘उत्पन्नाची नोंद गुंतागुंतीची असल्याने आम्ही तिची तपासणी केली’ हे वाक्य कुठल्याही कंपनीला चिकटवता येते, म्हणून ते निरुपयोगी आहे. आपल्या कंपनीबद्दल असे लिहिता येईल: ‘पुलाचे उत्पन्न उरलेल्या खर्चाच्या अंदाजावर ठरते. आम्ही तो अंदाज अभियंत्यांच्या प्रगती अहवालांशी आणि पुरवठादारांच्या चालू दरांशी ताडून पाहिला. पूर्ण झालेल्या कंत्राटांत मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत किती फरक पडला होता, हेही तपासले.’ शिवाय हिशेबातल्या संबंधित टिपेचा क्रमांक द्यायचा, म्हणजे वाचकाला पुढे तिथे जाता येते.

‘हा अंदाज योग्य असल्याचे आमचे मत आहे’ असे मात्र तिथे लिहायचे नाही. ऑडिटरचे मत संपूर्ण हिशेबावर असते, एकेका बाबीवर वेगळे नसते. उलट बाजूची चूक अधिक गंभीर आहे. कंपनीने अंदाजाची कागदपत्रेच दिली नाहीत आणि रक्कम मोठी आहे, तर ती अडचण या भागात मऊ शब्दांत गुंडाळता येत नाही. तिथे ऑडिटरला आपले मतच बदलावे लागते आणि त्याचे कारण मताच्या लगतच्या स्वतंत्र परिच्छेदात लिहावे लागते. कंपनी तग धरेल का याबद्दल मोठी अनिश्चितता असेल, तर तीही वेगळ्या शीर्षकाखाली जाते.

गुंतवणूकदारांनी दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून हा भाग वाचावा. दरम्यान कंपनीने नवी कंत्राटे घेतली असतील, दर बदलले असतील आणि मजकूर तरीही शब्दशः तोच असेल, तर वार्षिक सभेत विचारायचा प्रश्न तिथेच सापडतो.