आजीची काठी भोपळ्यात मावली कशी?

शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक बहुतेक ठिकाणी वाचनाने सुरू होतं. बाई संहितेच्या झेरॉक्स वाटतात, मुलं गोल करून बसतात आणि एकेक जण आपला उतारा मोठ्याने वाचतो. कोण अडखळत नाही, कोणाचा आवाज खणखणीत आहे, हे पाहून भूमिका ठरतात. रीत सोयीची आहे. पण डिस्लेक्सिया असलेलं मूल या पहिल्या अर्ध्या तासातच बाद होतं. त्याला अभिनय येतो का, गोष्ट सांगता येते का, हे कोणी पाहिलेलंच नसतं. मग त्याच्या वाट्याला झाड येतं. दोन्ही हात वर करून उभं राहायचं आणि पडदा पडला की खाली घ्यायचे.

पाचवीतल्या अशाच एका मुलाची ही गोष्ट. गोष्ट रचलेली आहे. त्याच्या चुका, बाईंच्या युक्त्या आणि त्या युक्त्यांच्या मर्यादा मात्र अशा मुलांसोबत काम करणाऱ्या कोणालाही ओळखीच्या वाटतील.

नाटक म्हातारी आणि भोपळ्याचं होतं. पहिल्या वाचनात या मुलाकडे कागद आला आणि पहिल्याच शब्दाला गाडी अडली. ‘म्हातारी’चं त्याने ‘महातारी’ केलं. दोन-तीन पोरं फिसकन हसली. पुढे ‘भोपळा’चा ‘मोपळा’ झाला. मग आला ‘धष्टपुष्ट’. तिथे तो थांबला, ‘ध’वर बोट ठेवलं, पुढच्या गुंत्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “धडधाकट.”

वर्ग पुन्हा हसला. बाईंना मात्र ही चूक बाकीच्यांपेक्षा वेगळी वाटली, आणि ती होतीच. ‘मोपळा’ ही अक्षराची चूक. ‘धडधाकट’ म्हणताना मुलाने पहिलं अक्षर बरोबर ओळखलं, पुढची जोडाक्षरं सुटत नाहीत म्हटल्यावर वाक्याचा अर्थ धरला आणि तिथे बसेल असा, ‘ध’नेच सुरू होणारा शब्द क्षणात काढला. लेकीकडे तूपरोटी खाऊन आजी धडधाकट होऊन येणार, यात काहीच खोटं नाही. ज्याच्या डोक्यात भाषाच नाही, त्याला अशी चूक करता येत नाही.

डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, हा आपल्याकडचा पक्का समज. ‘तारे जमीं पर’ (2007) या चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला, त्याचं ऋण आहेच. पण लोकांच्या लक्षात राहिली ती पडद्यावर नाचणारी अक्षरं. यात सहसा डोळ्यांचा दोष नसतो. अडचण असते ती बोलल्या शब्दातले सुटे ध्वनी पकडण्यात आणि ते अक्षरांशी झटपट जोडण्यात. ‘म्हा’ वाचायला म्, ह् आणि आ हे तीन ध्वनी एका दमात एकत्र आणावे लागतात. ऱ्हस्व वेलांटी लिहायची व्यंजनाच्या आधी, उच्चारायची नंतर. ‘र’ कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी ‘क्र’मध्ये पोटात शिरतो, कधी ‘ट्र’मध्ये पायाशी येतो. देवनागरीचा एक फायदा असा की अक्षर आणि उच्चार यांचं नातं इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे. त्यामुळे मराठीतून शिकणारं मूल हळूहळू बरोबर वाचू लागतं. वेग मात्र येत नाही. एकेक शब्द सोडवत वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986मध्ये यावर एक साधी मांडणी केली. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उकलणं गुणिले ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ गेली की दुसरी कितीही भक्कम असली तरी उत्तर शून्याजवळच येतं. डिस्लेक्सियात पहिली बाजू लंगडी असते. दुसरी बहुधा शाबूत. शाळा मात्र दोन्ही एकाच कागदावर तपासते.

ही गोष्ट पहिल्यापासून डोळ्यांसमोर होती. नोव्हेंबर 1896मध्ये इंग्लंडमधल्या सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा चलाख, गणितात ठीक, खेळात कोणाच्या मागे नाही. पण स्वतःचं नावही ‘प्रेसी’ असं लिहायचा आणि चूक झाल्याचं त्याच्या लक्षात यायचं नाही. त्याच्या मास्तरांचं मत त्यात नोंदलेलं आहे: शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशे वर्षं उलटली, आणि आपण अजून संहितेच्या झेरॉक्सच वाटतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद कपाटात ठेवले. गोष्ट स्वतः सांगितली आणि मुलांना म्हणाल्या, “आता तुम्ही सांगा. पाठ नको, आपापल्या शब्दांत.” चुरूचुरू वाचणाऱ्या मुलांनी कालच्या संहितेतली वाक्यं आठवत आठवत म्हटली. या मुलाची पाळी आली तेव्हा तो आधी गप्प राहिला. मग म्हणाला, “बाई, आजीची काठी भोपळ्यात मावली कशी?”

“म्हणजे रे?”

“जाताना ती काठी टेकत गेली ना? येताना भोपळ्यात बसली. मग काठी कुठे गेली?”

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी प्रश्न त्याच्यावरच उलटवला. तो उभा राहिला आणि सांगू लागला. लेक म्हणाली, आई, काठी बाहेर राहिली तर वाघाला दिसेल. आजी म्हणाली, मोडली तर मी चालू कशी? शेवटी आजीने ती नातवाच्या हातात दिली आणि सांगितलं, जपून ठेव, पुढच्या खेपेला न्यायला येईन. नातवाने विचारलं, आणि वाघाने खाल्लं तर? आजी म्हणाली, म्हणून तर ठेवून जाते. काठी इथे आहे म्हटल्यावर मला यावंच लागेल.

सूत्रधार मिळाला होता. मात्र खरा घोळ यानंतर सुरू झाला, आणि डिस्लेक्सियाच्या कौतुकाच्या गोष्टींत हा भाग सहसा वगळलेला असतो. वाचता येत नाही म्हणून पाठांतर तल्लख असेल, असं लोक धरून चालतात. पुष्कळदा उलट असतं. ऐकलेले शब्द त्याच क्रमाने थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं हीच या मुलांची दुसरी दुखरी जागा. गोष्टीचा ओघ राहतो, शब्दन् शब्द राहत नाही. नेमका शब्द ऐनवेळी आठवत नाही, मग ते वळसा घालून सांगतात. आणि सगळीच काही गोष्टीवेल्हाळ नसतात. काहींना बोलणंही जड जातं.

हा मुलगा प्रत्येक तालमीत निवेदन नव्याने करायचा. एकदा कोल्हा झुडपामागून यायचा, एकदा तो ‘तिथे आधीपासूनच होता’. कोल्हा झालेला मुलगा विंगेत ठरलेल्या शब्दाची वाट पाहत उभा. तो शब्द आलाच नाही. सूत्रधार बोलायचा थांबला, कोल्हा हलेना. रडकुंडीला येऊन कोल्हा म्हणाला, “बाई, हा रोज वेगळंच बोलतो!” त्याचंही काही चुकत नव्हतं.

बाईंनी निवेदनाचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्याचं फक्त शेवटचं वाक्य पक्कं, त्यात काना-मात्रेचा बदल नाही. आधीचं सगळं मोकळं. कोल्हा, लांडगा, वाघ प्रत्येकी आपापल्या एका वाक्यावर येणार. ही पक्की वाक्यं आईच्या फोनवर रेकॉर्ड करून दिली, आणि प्रत्येक वाक्याला रंगमंचावरची एक जागा ठरवली: कोल्ह्याचं डाव्या खांबाशी, वाघाचं मधल्या पायरीवर. पाय तिथे पोचले की वाक्य तोंडात यायचं. या नाटकाची रचनाही मदतीला आली. तीच भेट तीनदा घडते, तेच बोलणं तीनदा होतं, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा. तोंडी चालत आलेल्या गोष्टी अशाच बांधलेल्या असतात, कारण सांगणाऱ्यालाही आठवायला आधार लागतो.

पुढे बाईंनी त्याचं निवेदन रेकॉर्ड करून, त्याचीच वाक्यं जशीच्या तशी मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये मोकळी जागा सोडून लिहून काढली. हातात कागद दिला आणि मुलगा घडाघडा वाचू लागला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना शंका आली. त्यांनी कागदातले काही शब्द सुट्या चिठ्ठ्यांवर लिहिले, क्रम मोडून समोर धरले. ‘काठी’ आला, ‘नातू’ आला. ‘म्हातारी’ला पुन्हा ‘महातारी’, आणि ‘पुढच्या’वर गाडी थांबली. म्हणजे कागदावरचं बरंचसं वाचन पाठातलं होतं. स्वतःच्या वाक्यांचा कागद हा उत्तम आरंभ आहे, कारण पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असतं आणि त्याचं सगळं बळ अक्षरांकडे वळतं. पण सुट्या शब्दांची ही परीक्षा घेतली नाही, तर मोठ्यांची सहज फसगत होते. नाटकाने डिस्लेक्सिया जात नाही. जोडाक्षर फोडणं, ध्वनी वेगळे करणं, हे विशेष शिक्षकाकडे बसून, ठरावीक क्रमाने, महिनोन्‌महिने करावं लागतं.

त्यासाठी आधी तपासणी हवी. साधारण तिसरीपर्यंत मुलाला शिकायची पुरेशी संधी मिळालेली असते, म्हणून निदान त्या सुमाराला पक्कं करतात. नजर, कान आणि बुद्ध्यांक पाहतात, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या घेतात. चाचणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत हवी. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी परिच्छेद देऊन काय कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली, तिच्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात.

लेखनिकाची गोष्ट इथे महत्त्वाची. या मुलाचे आधीचे निबंध चार ओळींचे असत. “माझी आई चांगली आहे. ती काम करते.” विचार तेवढाच होता असं नाही. जे शब्द लिहिता येतील तेवढेच तो वापरायचा. ‘म्हातारी’ लिहायची भीती, म्हणून आजीवर निबंधच नाही. सांगून लिहून घेतल्यावर निबंध दीड पानांचा झाला. पण सांगून लिहून घेणं हेही शिकावंच लागतं. पहिल्या सरावाला तो सूत्रधाराच्या झोकात सुटला आणि लेखनिक म्हणून बसवलेली चौथीतली मुलगी तिसऱ्या ओळीवरच राहिली.

“थांब रे! ‘वाघ दबा धरून’पर्यंत आलेय मी.”

आता तो एक वाक्य सांगतो, तिच्या पेनाकडे बघत थांबतो, पूर्णविराम सांगतो आणि मग पुढचं. थांबलेलं असताना पुढचं वाक्य बदलायची त्याची खोड मात्र तशीच आहे.