पहिली की दुसरी?

सातवीतली एक मुलगी. गाव तालुक्यापासून लांब, शाळा जिल्हा परिषदेची, आणि ती पोचली आहे तालुक्याच्या शुद्धलेखन स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत. ही मुलगी मी या लेखासाठी रचली आहे, तिला नावही दिलेलं नाही. तिच्यापुढचा पेच मात्र रचलेला नाही. मराठी लिहिणाऱ्या बहुतेकांच्या हातून तो कधी ना कधी गेलेला असतो.

फेरी श्रुतलेखनाची आहे. बाई शब्द दोनदा उच्चारतात, मुलं कागदावर लिहितात. शब्द येतो : प्रावीण्य. मुलगी ‘प्रा’ लिहिते आणि पेन उचलते.

तिचा हात नेमका तिथेच का थांबतो याला एक साधं कारण आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, दीर्घ वेलांटी नंतर. म्हणजे ‘व’ काढण्यापूर्वीच ठरवावं लागतं, पहिली की दुसरी. सराईत मुलं अशा वेळी मध्ये थोडी जागा सोडून ‘व’ काढतात आणि निर्णय पुढे ढकलतात. काही त्याहून बेरकी असतात. ती दोन्ही बाजूंना अर्धवट दांडी देऊन वेलांटीचं टोक बरोबर मधोमध ठेवतात, म्हणजे तपासणाऱ्याला जे हवं ते दिसावं. आपली मुलगी सरळ आहे, ती जागा सोडते.

कानाचा इथे काही उपयोग नाही. मराठी बोलताना इकाराची लांबी शब्दातल्या जागेवर ठरते. जोडाक्षराच्या आधीची ‘वि’ आणि ‘वी’ आपण सारख्याच म्हणतो. बाईंनी शब्द दहा वेळा उच्चारला असता तरी उत्तर मिळालं नसतं. (मोडीत लिहिणाऱ्या कारकुनांना ही डोकेदुखी नव्हती. त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळतच नसत, आणि तरी राज्यांचे कारभार चालले.)

मग डोळ्यांचा आधार घ्यावा, तर डोळ्यांनी दोन्ही रूपं पाहिली आहेत. पाठ्यपुस्तकात ‘प्रावीण्य’. पण मोठ्या बहिणीला मिळालेल्या, चौकटीत लावलेल्या प्रशस्तिपत्रावर ‘प्राविण्य’. गुणवंतांच्या यादीच्या फलकावर, सत्काराच्या फ्लेक्सवर, लग्नपत्रिकेतल्या ‘विशेष प्राविण्यासह उत्तीर्ण’ नवरदेवाच्या नावापुढेही तेच. हुशारीची पावती म्हणून जो कागद देतात त्यावरच हा शब्द सर्वाधिक चुकतो, हा योगायोग गमतीचा खरा, पण बारा वर्षांच्या मुलीला त्यात गंमत दिसणं अवघड. तिच्या लेखी सही-शिक्क्याचा कागद चुकत नसतो. तिची शंका अज्ञानातून आलेली नाही. जिने काहीच वाचलं नाही, ती बेधडक काहीतरी लिहून मोकळी झाली असती.

मुलगी आता सारख्या वळणाचे शब्द आठवू लागते. साहित्य, पांडित्य : पहिली वेलांटी. वैशिष्ट्य, दारिद्र्य : पहिली. शिवाय सरांनी सांगितलेलं आहेच की मराठी शब्दात जोडाक्षरापूर्वीचा इकार-उकार सहसा ऱ्हस्व असतो; शिस्त, पुस्तक, मुक्काम, दुष्काळ. सगळं पारडं ‘प्राविण्य’कडे झुकतं. तेवढ्यात आठवतं गांभीर्य. तिथे ‘भी’ दुसरी आहे, याची तिला खात्री आहे. म्हणजे नुसती मोजदाद करून चालणार नाही.

आणि इथेच खरी किल्ली आहे. हे शब्द शेवटाकडून पाहायचे नसतात, ते कशापासून झाले हे पाहायचं असतं. पंडित–पांडित्य, सहित–साहित्य, गंभीर–गांभीर्य, मधुर–माधुर्य, नवीन–नावीन्य. संस्कृतात विशेषणाला ‘य’ लावून भाववाचक नाम करतात तेव्हा पहिला स्वर वाढतो. ‘अ’चा ‘आ’ होतो, ‘इ’चा ‘ऐ’, ‘उ’चा ‘औ’. म्हणून सुंदरचं सौंदर्य आणि विशिष्टचं वैशिष्ट्य. मधल्या स्वरांना मात्र कोणी हात लावत नाही. पंडितातली ‘डि’ ऱ्हस्व, म्हणून पांडित्यातली ऱ्हस्व. गंभीरातली ‘भी’ दीर्घ, म्हणून गांभीर्यातली दीर्घ. आता प्रश्न एवढाच उरतो : प्रवीणमध्ये कोणती?

तिच्या वर्गात या नावाचा मुलगा असेल तर हजेरीपटावर तो ‘प्रविण’ही असू शकतो, तेव्हा तिथेही भरवसा नाही. पण या शब्दाची परंपरेने सांगितली जाणारी व्युत्पत्ती लक्षात राहण्याजोगी आहे. प्र अधिक वीणा; वीणावादनात जो तरबेज तो प्रवीण, आणि पुढे कशातही तरबेज तो प्रवीण. सरस्वतीच्या हातातल्या वीणेला दुसरी वेलांटी असते हे तिने शाळेतल्या तसबिरीखाली रोज वाचलेलं आहे. सोडलेल्या जागेच्या उजव्या बाजूला ती दांडी ओढते. प्रावीण्य.

अमेरिकेतल्या स्पेलिंग बीमध्ये ती उभी असती तर तिला एक सवलत मिळाली असती. 1925 साली तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा वॉशिंग्टनला झाली, ती फ्रँक न्यूहाउसर या मुलाने ग्लॅडिओलस हा शब्द बिनचूक सांगून जिंकली. आजच्या त्या स्पर्धेत मुलाला शब्दाचा अर्थ विचारता येतो, वाक्यात उपयोग विचारता येतो आणि मुख्य म्हणजे शब्द मुळात कुठल्या भाषेतला, हेही विचारता येतं. प्रमाण म्हणून एकच शब्दकोश ठरलेला असतो. त्यात एका शब्दाची दोन स्पेलिंगं समान दर्जाने दिलेली असतील तर दोन्ही मान्य होतात. आपल्याकडे श्रुतलेखनात विचारणा करण्याची पद्धत नाही. आणि मराठी शुद्धलेखनाचे नियम तर ‘हा शब्द मुळात कुठला?’ या एकाच प्रश्नावर उभे आहेत.

मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये चौदा नियम केले, 1972 मध्ये आणखी चार. आज शाळेत शिकवतात ते हेच अठरा. त्यातही दोन रूपांना मुभा असल्याची उदाहरणं आहेत. आज्ञार्थी ‘पाहा’ आणि ‘पहा’ दोन्ही चालतात. अशा शब्दावर गुण कापणारा परीक्षक स्वतःच चुकलेला असतो. काही जोड्या काळाने निर्माण केल्या. 1962 पूर्वीच्या पुस्तकात ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘नांव’ दिसेल. ते त्या काळी शुद्धच होतं, आज आपण ‘कवी’, ‘बुद्धी’, ‘नाव’ लिहितो. प्राविण्य मात्र या दोन्हींपैकी नाही. ते जुनं रूपही नाही आणि पर्यायी रूपही नाही; ती पुष्कळांनी मिळून केलेली चूक आहे. आजोबांच्या जुन्या पोथीतलं ‘बुद्धि’ आणि फ्लेक्सवरचं ‘प्राविण्य’ या दोघांना एकाच लाल शाईने खोडू नये, असं मला वाटतं.

पुढचा शब्द तिला सोपा जातो : शारीरिक. शेजारचा मुलगा ‘शारिरीक’ लिहितो, बहुतेक लोक तेच लिहितात. पण तिच्या हातात आता किल्ली आहे. शरीरातली ‘री’ दीर्घ, ती दीर्घच राहिली, मागून आलेला ‘इक’ नेहमी ऱ्हस्व. झालं.

मग येतो शब्द ‘गरिबी’, आणि किल्ली अडकते. गरीबमध्ये ‘री’ दीर्घ आहे. मधल्याला हात लावायचा नाही, तर ‘गरीबी’ व्हायला हवं. पण ते चूक. गरीब हा शब्द संस्कृत नाही, तो अरबीतून आपल्याकडे आला, आणि संस्कृतेतर शब्दांना मराठीची स्वतःची चाल लागू होते : शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर आला की त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो. गरीब–गरिबी, वकील–वकिली, मूल–मुलाला. संस्कृत शब्द ही चाल पाळत नाहीत. म्हणून परीक्षेला असं दीर्घच लिहितात.

संस्कृत न शिकलेल्या मुलीने हे कसं ओळखायचं? आपल्या शाळांत संस्कृत सहसा आठवीपासून, तेही सगळीकडे नाही. एक खूण तिला उपयोगी पडते. प्रवीणचा ‘प्र’ वाढून ‘प्रा’ झाला, शरीरचा ‘श’ वाढून ‘शा’ झाला. गरिबीत ‘ग’ जागच्या जागी राहिला. शब्दाचं तोंड बदललं असेल तर तो संस्कृत पद्धतीने घडला आहे, मधली वेलांटी तशीच ठेवायची. हे ओळखून ती ‘गरिबी’ बरोबर लिहिते. ही खूण अर्धीच आहे, कारण प्रवीणता, नवीनता हेही संस्कृतच शब्द आणि त्यांचं तोंड बदलत नाही. अठरा नियमांवरचा सर्वांत जुना आक्षेप हाच आहे की मराठी लिहायला दुसऱ्या भाषेची ओळख लागते. मला तो आक्षेप रास्त वाटतो. नियम बदलेपर्यंत मात्र मुलीला याच नियमांनी गुण मिळणार.

शेवटचा शब्द तिच्या वहीच्या पहिल्या पानावर असतो, आणि तिथे ती चुकते. बाई म्हणतात, “विद्यार्थिनी.” ती विचार करते : विद्यार्थी, ‘र्थी’ दीर्घ, शब्द उघडच संस्कृत, मधल्याला हात लावायचा नाही. ती लिहिते ‘विद्यार्थीनी’. तर्क चोख होता, फक्त पाया वेगळा होता. संस्कृतात मूळ शब्द विद्यार्थिन्, त्यात ‘र्थि’ ऱ्हस्व. ‘विद्यार्थी’ हे त्याचं एकवचनी तयार रूप तेवढं आपण मराठीत उचललं आणि मूळ शब्द म्हणून वापरू लागलो. पण पुढचे शब्द त्या ऱ्हस्व मुळावरूनच होतात : विद्यार्थिनी, विद्यार्थिगृह, तसंच पक्षिमित्र आणि प्राणिसंग्रहालय.

तपासताना बाई त्या शब्दाखाली रेघ मारतात आणि समासात ‘विद्यार्थिन्’ एवढंच लिहितात. तिला दुसरा क्रमांक मिळतो. पहिला आलेल्या मुलाने ‘विद्यार्थिनी’ बरोबर लिहिलं होतं. कसं ओळखलंस, असं तिने विचारल्यावर तो म्हणाला की ओळखलं नाही, त्याच्या बहिणीच्या वसतिगृहाच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे.