धूसर फोटोतले गणित



गेल्या रविवारी हर्नडनच्या आपल्या वर्गात मधल्या सुट्टीत एका दादाने फोनवर एक फोटो दाखवला. पुण्याला कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या मामेबहिणीने पुस्तकातले उदाहरण पाठवले होते. तिचे उत्तर व्हेरियन्स 7.44, याचे 1.68. भांडण मिटेना, म्हणून आम्ही ते फळ्यावर उतरवले:

M(t) = (0.7 + 0.3eᵗ)⁸

याला मोमेंट जनरेटिंग फंक्शन म्हणतात. X ही यदृच्छ संख्या असेल, तर M(t) म्हणजे eᵗˣ ची सरासरी.

फोटोत 0.7 आहे की 0.1, हे नीट दिसत नव्हते. मग t = 0 घालून पाहिले. तेव्हा e⁰ = 1, म्हणून M(0) नेहमी 1 यायलाच हवे. 0.7 + 0.3 = 1, हे जमते; 0.1 घेतले तर जमत नाही. मात्र वरचा घातांक 8 की 3, हे या युक्तीने कळत नाही, कारण 1 चा कोणताही घात 1 च. पण खालच्या ओळीत X = 5 ची संभाव्यता विचारली होती. घातांक 3 असता तर X कधी 5 झालाच नसता. तरी आम्ही पुण्याला विचारून 8 ची खात्री केली.

आता वितरण ओळखू. कॅरमच्या एका फटक्यात सोंगटी पडण्याची संभाव्यता 0.3 धरा. पडली तर 1, नाही तर 0. त्या एका फटक्याचे फंक्शन होते 0.7 + 0.3eᵗ. फटके एकमेकांवर अवलंबून नसतील, तर फंक्शनांचा गुणाकार होतो. असे आठ फटके म्हणजे आपले उदाहरण. म्हणून हे द्विपद वितरण: n = 8, p = 0.3. नुसत्या साम्यावरून असे म्हणता येते का? येते. शून्याच्या आसपास फंक्शन सांत असेल, तर एका फंक्शनचे एकच वितरण असते. सरासरी आणि व्हेरियन्स सारखे असणे मात्र पुरेसे नाही.

सरासरीसाठी एकदा डेरिव्हेटिव्ह घेऊन t = 0 घालायचे:

M′(0) = 8 × 0.3 = 2.4

दुसऱ्यांदा घेतले की:

M″(0) = 56 × 0.09 + 2.4 = 7.44

ताईचे उत्तर इथेच थांबले होते! ही X च्या वर्गाची सरासरी आहे, व्हेरियन्स नव्हे. त्यातून सरासरीचा वर्ग वजा करायला हवा:

7.44 − 2.4² = 7.44 − 5.76 = 1.68

np(1−p) = 8 × 0.3 × 0.7 सुद्धा 1.68 च देते. चूक पकडायची आणखी एक खूण: द्विपद वितरणात व्हेरियन्स सरासरीपेक्षा मोठे कधीच नसते. 7.44 हे 2.4 हून मोठे दिसताच थांबायला हवे होते.

दादा जिंकला, पण घातांक त्यानेही आधी 3 वाचला होता, हे त्याने कबूल केले.

घरी करून पाहा: कुणी (0.6 + 0.2eᵗ)¹⁰ असे उतरवले आहे. एक आकडा चुकला आहे, हे कशावरून? तो कोणता, हे मात्र सांगता येईल का?