सर्व्हर अबोल होतो तेव्हा

एखाद्या कारखान्यातील सर्व्हर, फायरवॉल इत्यादी यंत्रे आपल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद करीत असतात. या सर्व नोंदी एका ठिकाणी गोळा करून त्यांत संशयास्पद काही आढळताच इशारा देणाऱ्या यंत्रणेस ‘सीम’ असे म्हणतात. तिचे नियम आलेल्या नोंदीवर चालतात. चुकीचा पासवर्ड वीस वेळा दिला गेला, तर वीस नोंदी येतात आणि नियम जागा होतो. परंतु सर्व्हरने नोंदी पाठविणेच थांबविले, तर नियमाला तपासण्यासाठी काहीच उरत नाही. पडद्यावर सारे शांत दिसते, आणि ही शांतता सुरक्षिततेची आहे की आंधळेपणाची, हे पाहणाऱ्यास कळत नाही.

असे घडण्याची कारणे बहुधा साधी असतात. सर्व्हरची डिस्क भरते, नोंदी पाठविणारा प्रोग्राम अद्ययावत करताना बंद पडतो किंवा फायरवॉलचा नियम बदलतो. नोंदी यूडीपी पद्धतीने जात असतील, तर त्या पोहोचल्या की नाहीत हे पाठविणाऱ्यालाही समजत नाही. कधी प्रमाणपत्राची मुदत संपते. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीत सांकेतिक स्वरूपातील वाहतूक तपासणारे एक उपकरण याच कारणाने कित्येक महिने निरुपयोगी होते. 29 जुलै 2017 रोजी प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद वाहतूक दिसू लागली. तोवर चोरी सुरू होऊन अडीच महिने लोटले होते. क्वचित घुसखोरच नोंदी बंद करतो.

यावरील उपायाचे पहिले अंग म्हणजे यादी. केवळ आलेल्या नोंदी चाळून कोण गप्प आहे हे शोधता येत नाही, कारण गेल्या चोवीस तासांत काहीच न पाठविणाऱ्या यंत्राचे नाव त्या शोधात उमटतच नाही. म्हणून ज्यांनी बोलायला हवे अशा यंत्रांची स्वतंत्र यादी ठेवून तिच्याशी प्रत्येकाच्या शेवटच्या नोंदीची वेळ जुळवावी लागते.

दुसरे अंग मर्यादेचे. फरीदाबादच्या औद्योगिक वसाहतीतील एक कारखाना कल्पनेत आणू. गेल्या चार आठवड्यांत तेथील फायरवॉलच्या दोन नोंदींमधील सर्वांत मोठे अंतर दोन मिनिटांचे होते. फाईल सर्व्हरचे मात्र, रविवारी पहाटे, पन्नास मिनिटांचे. दोघांनाही दहा मिनिटांची मर्यादा लावली, तर फाईल सर्व्हर रात्रभर खोटे इशारे देईल आणि थोड्याच दिवसांत त्यांकडे कोणी पाहणार नाही. दोघांना दोन तासांची लावली, तर फायरवॉल तेवढा वेळ निर्धास्तपणे मुकी राहू शकेल. म्हणून प्रत्येकाची मर्यादा त्याच्या स्वभावावरून ठरवावी. मितभाषी यंत्राकडून ठराविक वेळाने एक खूण पाठवून घेता येते. जुन्या युनिक्स प्रणालींत दर वीस मिनिटांनी `-- MARK --` अशी ओळ लिहिण्याची सोय होतीच. तासाभराने टोला देणाऱ्या पहारेकऱ्याचाच हा प्रकार होय. सलग तीन खुणा चुकल्या, म्हणजे एक तास झाला, की इशारा द्यावा. तथापि खूण येत असूनही लॉगिनच्या नोंदी थांबलेल्या असू शकतात. म्हणून नोंदींचा प्रत्येक प्रकार वेगळा मोजावा.

तिसरी गोष्ट घड्याळाची. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हरने लिहिलेली भारतीय वेळ ‘सीम’ने जागतिक वेळ म्हणून वाचली, तर सकाळी 11 वाजता आलेली शेवटची नोंद दुपारी 4.30 ची ठरते. मर्यादा एक तासाची असली, तरी इशारा दुपारी 12 ऐवजी सायंकाळी 5.30 ला मिळेल. म्हणून नोंदीवर लिहिलेली वेळ न धरता ती ‘सीम’कडे पोहोचल्याची वेळ धरावी.

इशारा आल्यावर प्रथम पाहावे ते असे, की एकच यंत्र गप्प आहे की अनेक. एकाच वेळी सारी थांबली असतील, तर दोष बहुधा नोंदी गोळा करणाऱ्या मधल्या यंत्रात असतो. एकच असेल, तर ते चालू आहे का, पाठविणारा प्रोग्राम चालू आहे का, डिस्कवर जागा आहे का, हे क्रमाने तपासावे. विंडोज सर्व्हरची शेवटची नोंद 1102 क्रमांकाची असेल, तर सुरक्षा-नोंदी कोणीतरी पुसल्या आहेत असे समजावे. तो बिघाड नव्हे.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार नोंदी 180 दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. परंतु जी नोंद पोहोचलीच नाही, ती जपता येत नाही. सर्व्हरवर तिची प्रत उरली असेल तर ती लवकर उचलावी लागते, कारण जागा अपुरी पडली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. मौन पहिल्याच तासात लक्षात आले, तर ही पोकळी बहुधा भरून काढता येते; महिन्यानंतर ते क्वचितच शक्य होते.