ताप कधीपासून? गोळी किती वाजता?

पावसाळ्यात संध्याकाळी सात वाजता कुठल्याही फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात बघा. बाकं भरलेली असतात, डॉक्टर आत पेशंट तपासत असतात आणि बाहेर काउंटरवरची ताई एका हाताने केसपेपर काढत दुसऱ्या हाताने फोनवरचे मेसेज वाचत असते. आपण डॉक्टरांना लिहिलेला मेसेज बहुतेक वेळा आधी तीच वाचते. कुणाला लगेच बोलवायचं, कुणाला उद्या सकाळी, कोणासाठी डॉक्टरांना मध्येच विचारायचं, हे तिला त्यावरून ठरवायचं असतं.

तिच्याकडे येणारा नेहमीचा मेसेज असा: ‘आईला दोन-तीन दिवस बरं नाहीये. खूप ताप आहे, अशक्तपणा आलाय. व्हायरल असेल. काय देऊ? आज नंबर मिळेल का?’ यावर ताईला पाच प्रश्न उलट विचारावे लागतात. कोणाची आई, हाही त्यातलाच एक. कारण फोन मुलाचा आणि केसपेपर आईच्या नावाचा.

हाच मेसेज असा लिहिता येतो:

‘वत्सला कुलकर्णी, वय ६२, नेहमीच्या पेशंट. सोमवारी संध्याकाळपासून ताप. आज बुधवारी सकाळी ८ वाजता १०२.४ होता. पॅरासिटामॉल ६५० दिली, १० वाजता १००. डोकं आणि अंग खूप दुखतंय, कालपासून दोन उलट्या. खोकला, दम नाही. पाणी पिते, लघवी होते. डायबेटिस आहे, रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू आहे. आज दाखवायचं आहे, किती वाजता आणू?’

यात सगळ्यात मोलाचा शब्द ‘सोमवारी’. ‘दोन-तीन दिवस’ हे लिहिणाऱ्याला सारखंच वाटतं, पण डॉक्टरांच्या दृष्टीने दुसरा दिवस आणि चौथा दिवस यांत फरक आहे. डेंग्यूची शंका असेल तर एनएस-१ ही रक्ततपासणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत जास्त उपयोगाची. त्यानंतर अँटिबॉडीची तपासणी पाहावी लागते. शिवाय डेंग्यूत धोक्याचा काळ अनेकदा ताप उतरू लागल्यावर येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. नेमकं तेव्हाच घरातले ‘ताप गेला, आता नको’ म्हणून घेतलेली वेळ रद्द करतात. ताप उतरला आणि पोटात जोराने दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस मलूल पडला, तर नंबराची वाट बघत बसू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.

तापाच्या आकड्याशेजारी गोळीची वेळ का? कारण गोळीनंतर घेतलेला १०० हा गोळी न घेता आलेल्या १०० सारखा नसतो. नुसतं ‘१०० आहे’ वाचून ताईला वाटणार, थांबायला हरकत नाही. ‘अंग भाजतंय’ म्हणण्यापेक्षा थर्मामीटर लावलेला बरा, आणि तो काखेत लावला असेल तर तेही सांगावं, कारण काखेत थोडं कमीच दाखवतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा उल्लेख लोक हमखास विसरतात. ती हृदयासाठी, तापाशी तिचा काय संबंध, असं वाटतं. पण डेंग्यूत प्लेटलेट्स घसरू शकतात आणि रक्तस्रावाची भीती असते, म्हणून डॉक्टरांना ते आधी कळायला हवं. त्याच कारणाने अंगदुखीवर घरात पडलेली आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने देऊ नये, आणि दिली असेल तर लपवू नये. गोळीचं नाव आठवत नसेल तर पाकिटाचा फोटो पाठवावा. नाव आणि मिलिग्रॅम दिसले पाहिजेत, एवढंच. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून चालणं झालं असेल तर तेही लिहावं. लेप्टोचा विचार डॉक्टर त्यावरूनच करतात.

‘खोकला नाही, दम नाही’ हे नकार वाया गेलेले शब्द वाटतात, पण ताईचे दोन प्रश्न त्यांनी वाचतात. उलट ‘व्हायरल असेल’, ‘पित्त झालंय’ हे काढून टाकावं. पित्त म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर की मळमळ? जे होतंय तेच लिहावं. चक्करचंही तसंच. घर गरगर फिरतं, की उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात.

‘काय देऊ?’ हा प्रश्न मात्र मेसेजवर विचारूच नये. त्याचं उत्तर ताईला देता येत नाही आणि न तपासता डॉक्टरांनीही देऊ नये.

काही तक्रारी मेसेजच्या नाहीतच. छातीत दाब येऊन घाम सुटला, श्वास लागला, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर टाइप करत बसू नये. १०८ ला फोन लावावा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवावं. मेंदूतली गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि हॉस्पिटलमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न त्या वेळेचाच असतो.