रागाला पाच गुण

‘समाजमाध्यमांमुळे लोकशाहीतला विचारविनिमय दुबळा झाला आहे.’ विद्यापीठाच्या वादविवाद स्पर्धेत या विषयाच्या बाजूने बोलणारे बहुतेक विद्यार्थी अफवांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. अफवा तर छापखान्याच्याही आधी होत्या, एवढं एकच वाक्य बोलून विरोधी वक्ता त्यांचा मुद्दा खोडून काढतो. मुळात विषय खोट्या बातम्यांचा नाहीच. दुसऱ्याचं ऐकायचं, आपली कारणं मांडायची, पटलं तर मत बदलायचं, याला विचारविनिमय म्हणतात. तो दुबळा कसा झाला, हे दाखवायला हवं.

माझा आग्रह असा की भाषण पोलंडपासून सुरू करावं. २०१७ मध्ये फेसबुकने हिशेब असा ठेवला होता: साध्या ‘लाईक’ला एक गुण, पण प्रेम, हसू, राग अशा चेहऱ्यांना प्रत्येकी पाच. जास्त गुणांचा मजकूर जास्त लोकांच्या नजरेस पडणार. २०१८ मध्ये वापरकर्त्यांच्या प्रतिक्रियांना आणि शेअर करण्याला आणखी वजन मिळालं.

आता एखाद्या पक्षाच्या कचेरीत मजकूर लिहिणाऱ्या मुलाच्या खुर्चीत बसून पाहा. समजा, निवृत्तिवेतनाचा हिशेब नीट समजावणाऱ्या त्याच्या मजकुराला चाळीस लाईक मिळाले, म्हणजे चाळीस गुण. विरोधकावर तुटून पडणाऱ्या मजकुरावर फक्त वीस जणांनी रागाचा चेहरा दाबला, तरी शंभर गुण. दुसऱ्या दिवशी तो काय लिहील?

पोलंडमध्ये हेच घडलं. फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली. त्यांत तिथल्या एका पक्षाच्या प्रचारकांचा अंदाज नोंदवलेला आहे: आधी त्यांचा निम्मा मजकूर सकारात्मक आणि निम्मा नकारात्मक असे, बदलानंतर ऐंशी टक्के नकारात्मक झाला. गुणांची पद्धत बदलली म्हणूनच आम्ही बदललो, असं त्यांनीच सांगितलं. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट ही वाटते की इथे मतदाराआधी पक्षाची भाषा बदलली. पक्षच धोरण समजावणं कमी करू लागला, तर मतदाराने विचार कशावर करायचा?

तयारीचा विरोधक दोन गोष्टी काढेल. एक, सप्टेंबर २०२० मध्ये फेसबुकने रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं. हे खरं आहे, मान्य करावं. पण तोवर तीन वर्षं सरली होती. दुसरी गोष्ट जड आहे. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी हजारो वापरकर्त्यांना तीन महिने गुणांऐवजी वेळेच्या क्रमाने मजकूर दाखवला गेला. त्यांच्या राजकीय मतांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, असं २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

हा निष्कर्ष नाकारू नये. प्रयोगात बदलले ते वाचणाऱ्यांचे पडदे. लिहिणारे पक्ष जुन्याच हिशेबाने लिहीत होते. पोलंडचा पुरावा लिहिणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्याला हा प्रयोग हात लावत नाही.