विक्री वाढली, मग नफा कुठे गेला?

तिमाही आढाव्यात वरिष्ठांसमोर उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा घडलं त्या क्रमानं सांगू लागतो. एप्रिलमध्ये काय झालं, मे कसा गेला, जूनमध्ये काय केलं. समोरच्यांनी आकडे आधीच पाहिलेले असतात, कारण दर महिन्याचा एमआयएस त्यांच्याकडे जातोच. त्यांना हवी असतात कारणं आणि पुढच्या तिमाहीचा अंदाज.

समजा, एक शेतीपंप बनवणारी कंपनी आहे. एप्रिल ते जूनसाठी बजेट होतं १२० कोटींच्या विक्रीचं आणि १४.४ कोटींच्या कामकाजी नफ्याचं. प्रत्यक्षात विक्री १२६ कोटी झाली, पण नफा १२.६ कोटीच. अशा वेळी पहिल्या स्लाइडवर वाढलेली विक्री ठळक लिहून नफा पाचव्या स्लाइडपर्यंत ढकलायचा मोह होतो. तो टाळावा. पहिल्याच स्लाइडवर पूर्ण वाक्य असावं : ‘विक्री बजेटपेक्षा ६ कोटींनी जास्त, नफा १.८ कोटींनी कमी. मुख्य कारण कच्चा माल आणि वाहतूक.’ वाईट बातमी आपण सांगितली तर चर्चा कारणांवर होते. ती समोरच्यानं शोधून काढली, तर उरलेला वेळ आपण आणखी काय झाकलंय हे शोधण्यात जातो.

दुसऱ्या स्लाइडवर १४.४ पासून १२.६ पर्यंतचा प्रवास पायरीपायरीनं दाखवावा. जास्त पंप विकले गेल्यामुळे नफा २ कोटींनी वाढला. डीलरना दिलेल्या जादा सवलतीत ०.६ कोटी गेले, ओतकामाचं लोखंड आणि तांब्याची तार महागल्यामुळे २.२ कोटी, वाहतुकीत १ कोटी. बेरीज-वजाबाकी बरोबर १.८ कोटींच्या घटीवर यायला हवी. ‘इतर’ नावाची मोठी पायरी उरली, तर काम अजून अर्धवट आहे असं समजावं. प्रत्येक पायरीखाली एक ओळ हवी : हा खर्च याच तिमाहीपुरता, की पुढेही राहणार? सवलतीची पायरी आकड्यानं सगळ्यात लहान, पण माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. लोखंडाचा भाव बाजार ठरवतो. सवलत आपण दिली.

अवघड प्रश्न याच पायरीवरून निघतो : ‘सवलत देऊन जूनअखेर माल डीलरच्या गोदामात ढकललात का?’

याचं उत्तर येणी तपासल्यावर मिळतं. गेल्या वर्षीच्या जून तिमाहीत विक्री ११५ कोटी होती आणि ३० जूनला येणी ८७ कोटी. येणी भागिले विक्री गुणिले ९१ दिवस, म्हणजे सुमारे ६९ दिवसांची उधारी. यंदा येणी ११२ कोटी, म्हणजे ८१ दिवस. (येण्यांत जीएसटी असतो, विक्रीत नसतो, म्हणून दिवस थोडे फुगलेले दिसतात, दोन्ही वर्षी तसंच असल्यानं तुलना मात्र चालते.) तुलना मार्चशी न करता गेल्या जूनशीच करायची, कारण शेतीपंपांचा उन्हाळी हंगाम पाऊस आला की ओसरतो. आता डिस्पॅचची तारीखवार यादी काढावी. सरासरी वेगानं शेवटच्या दहा दिवसांत १४ कोटींच्या आसपास माल जायला हवा होता आणि गेला ३२ कोटींचा, तर शंका खरी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गेलेले ते पंप शेतकऱ्यापर्यंत पोचले नसतील, तर जुलै-सप्टेंबरची विक्री तेवढी कमी होणार आणि काही माल परतही येणार.

हे आढाव्याच्या निदान आठवडाभर आधी कळायला हवं, म्हणजे डीलरकडे शिल्लक किती, हे सेल्सच्या माणसांकडून मागवता येतं. मग विक्री, उत्पादन, खरेदी आणि फायनान्स यांना एकत्र बसवून प्रत्येकानं दुसऱ्याच्या विभागाला सर्वांत टोचणारे प्रश्न लिहून द्यावेत. खरेदीवाल्याला विक्रीच्या दुखऱ्या जागा बरोबर ठाऊक असतात. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कोण देणार हेही तिथेच ठरवावं. नाहीतर बैठकीत दोघं दोन आकडे सांगतात आणि पुढे कुठल्याच आकड्यावर विश्वास राहत नाही.

उत्तराची सुरुवात आकड्यानं किंवा हो-नाहीनं करावी. ‘तसं पाहिलं तर बाजाराची परिस्थिती...’ असं सुरू केलं की प्रश्न दुसऱ्यांदा, जरा चढ्या आवाजात येतो. त्याऐवजी : ‘हो साहेब, साधारण १८ कोटींचा माल नेहमीपेक्षा जास्त गेला. त्यातला ११ कोटींचा अजून डीलरकडे पडून आहे. म्हणून सप्टेंबर तिमाहीच्या विक्रीचा अंदाज आम्ही तेवढ्यानं खाली आणलाय आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली सवलत बंद केलीय.’ यामागची डीलरवार यादी सादरीकरणाच्या शेवटी जोडलेल्या राखीव स्लाइडमध्ये ठेवावी आणि मागितली तरच उघडावी. एखादा आकडा हाताशी नसेल, तर अंदाजानं ठोकून देऊ नये. ‘उद्या दुपारपर्यंत पाठवतो’ म्हणावं, आणि उद्या दुपारपर्यंत पाठवावा.